ड तुकडीची वाढ

खांदा कॉलनीतल्या त्या शाळेत ड तुकडी कुणी हौसेनं घेत नाही. जूनमध्ये वर्गवाटपाची बैठक बसली की भल्या भल्या शिक्षकांना पाठदुखी, रक्तदाब आणि सासूबाईंचं आजारपण आठवतं. किशोरी नाखवा मात्र एकोणीस वर्षं सहावी ड तोंडानं मागून घेत आल्या होत्या. पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांना वाटलं, नवीन आहेत, कळत नाही. पाचव्या वर्षी वाटलं, हट्टी आहेत. पुढे काही वाटून घ्यायचं त्यांनी सोडूनच दिलं, आणि यादी करताना नाखवाबाईंच्या नावापुढे आधीच ड लिहून ठेवू लागले.

बाई मूळच्या उरणजवळच्या करंजाच्या. वडिलांची होडी, आई मासळी विकायला पनवेलपर्यंत यायची. स्वतः बाई सहावीत ड मध्येच होत्या, आणि गणितात नापास व्हायच्या. गणित येत नव्हतं म्हणून नव्हे, तर प्रश्न कळत नव्हता म्हणून. घरात 'हाय' आणि 'नाय' एवढ्यावर संसार चाललेला, आणि पुस्तकात 'असल्यास', 'नसल्यास', 'खालीलपैकी', 'अनुक्रमे'. 'अनुक्रमे' या शब्दावर आपलं एक अख्खं वर्ष बुडालं, असं त्या अजून सांगतात आणि सांगताना हसत नाहीत.

म्हणून शिक्षिका झाल्यावर त्यांनी एक पद्धत पाडली. ड तुकडीत परीक्षा असली की प्रश्न त्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या, मग पोरांच्या भाषेत सांगायच्या. बाकांमधून फिरताना एखाद्याची पेन्सिल थांबली की त्या ओळीवर बोट ठेवून म्हणायच्या, "हे परत बघ जरा." उत्तर कधी सांगायच्या नाहीत, त्याबद्दल त्यांना अभिमान होता. नुसतं बोट. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाचं त्यात काही जात नव्हतं, कारण ड तुकडीला किती गुण पडले हे विचारायला येतं कोण?

बाईंचं दुखणं तेच होतं. निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यावर अ तुकडीच्या पोरांचे फोटो लागायचे आणि त्यांच्या शेजारी अ तुकडीचे अविनाश सर फोटोसाठी उभे राहायचे. जे पोर जूनमध्येच पन्नासपैकी पंचेचाळीस आणतं, त्याला एप्रिलमध्ये सत्तेचाळीस पडले की पेढे. आणि जे नऊवरून चोवीसपर्यंत आलं त्याचं काय? ते 'पन्नास टक्क्यांच्या खाली'. एकोणीस वर्षं नाखवाबाई हे गिळत आल्या होत्या, आणि गिळताना चेहरा करायची सवय असल्यामुळे ते सगळ्यांना दिसतही होतं.

त्यामुळे ऑगस्टमध्ये संस्थेनं सगळ्या शिक्षकांना पनवेलच्या कार्यालयात बोलावलं आणि आभा गुप्ते नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मुलीनं नवी मोजणी समजावून सांगितली, तेव्हा हॉलमध्ये एकट्या नाखवाबाई ताठ बसून ऐकत होत्या. बाकीचे चहाची वाट बघत होते.

आभानं सांगितलं ते असं. संस्थेच्या सहा शाळांत मिळून सहावीची साधारण नऊशे मुलं. जूनच्या शेवटी सगळ्यांनी गणिताची एकच चाचणी दिलेली आहे, एप्रिलमध्ये पुन्हा सगळे एकच पेपर देतील. आता एखाद्या मुलीला जूनमध्ये वीस गुण असतील, तर तिची तुलना नऊशे जणांशी करायची नाही. जूनमध्ये एकोणीस, वीस किंवा एकवीस गुण होते तेवढीच मुलं काढायची. ती साठ निघाली समजा. एप्रिलमध्ये त्या साठांपैकी किती जणांना या मुलीपेक्षा कमी गुण पडले ते बघायचं. पंचेचाळीस जणांना कमी असतील, तर तिचा ग्रोथ पर्सेंटाइल पंच्याहत्तर. ती एकूणात हुशार आहे की नाही, हे हा आकडा सांगतच नाही. तिच्यासारखीच सुरुवात केलेल्यांत ती किती पुढे गेली, एवढंच सांगतो. आणि वर्गातल्या सगळ्या मुलांचे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घेतला, की तो वर्गाचा आकडा.

अविनाश सरांनी हात वर केला. "माझी मुलं सेहेचाळीसवर सुरू होतात. त्यांना वाढायला जागाच कुठे आहे?"

"सर, त्यांची तुलनाही सेहेचाळीसवाल्यांशीच होणार," आभा म्हणाली. "जागा त्यांनाही तेवढीच आहे."

नाखवाबाईंना त्या पोरीचा मुका घ्यावासा वाटला. बाहेर आल्यावर त्या तिला म्हणाल्या, "अगं, म्हणजे करंजाच्या धक्क्यावरून सुटलेल्या होडीची गाठ त्याच धक्क्यावरून सुटलेल्या होडीशी. मुंबईहून निघालेल्या बोटीशी नाही. बरोबर?"

"एकदम बरोबर," आभा म्हणाली, आणि हे वाक्य तिनं पुढच्या तीन सभांत आपलं म्हणून वापरलं.

त्या वर्षी बाई अंगात आल्यासारख्या शिकवत होत्या. मधल्या सुट्टीत अपूर्णांक, शनिवारी शाळा सुटल्यावर शाब्दिक उदाहरणं. प्रांजल नावाची एक मुलगी होती, भामा म्हात्रे या मासेवालीची लेक. वर्गात तिचा आवाज आठ महिने कुणी ऐकला नव्हता. फेब्रुवारीत ती फळ्यापाशी येऊन छेद समान करून गेली आणि जाताना खडू परत खोक्यात ठेवून गेली. बाईंनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना स्वतःच्या डब्यातली कोलंबी वाढली, कारण मात्र सांगितलं नाही. त्यांना खात्री होती. एप्रिलमध्ये आकडा येईल, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ड तुकडी फळ्यावर लागेल.

एप्रिलचा पेपर झाला. नियमाप्रमाणे पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेतून आले. बाई दीड तास ग्रंथालयात बसून होत्या.

आकडा आला एकतीस.

सहाही शाळांच्या सहावीत शेवटून दुसरा. शाळेतल्या शाळेत शेवटचा. अविनाश सरांच्या अ तुकडीचा अठ्ठेचाळीस, तोही काही मोठा नव्हे, पण एकतीसच्या शेजारी उभा राहिला की अठ्ठेचाळीसलाही मिशा फुटतात. सर काही बोलले नाहीत. नाखवाबाईंना ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की संस्थेची समिती आकडे बघून पुढच्या वर्षीचं वर्गवाटप ठरवणार आहे, आणि एकतीसवर ड तुकडी तुमच्याकडे ठेवणं अवघड आहे. "एवढी वर्षं झाली, तुम्हालाही बदल हवाच की," असं वर म्हणाले. चांगुलपणानंच म्हणाले, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रिक्षा करून संस्थेच्या कार्यालयात. आभाच्या टेबलासमोर पर्स आपटून बसल्या.

"तुझं यंत्र बिघडलंय."

आभानं यंत्राची बाजू घेतली नाही. कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. "मलाही हे विचित्र वाटलं, बाई. एखाददुसरं मूल मागे पडतं. इथे अडतीसपैकी एकोणतीस मुलं पन्नासच्या खाली आहेत. ही प्रांजल बघा. जूनला बावीस, एप्रिलला सत्तावीस. जूनमध्ये एकवीस ते तेवीस गुणांवर असलेली साठ मुलं आहेत. त्यांतल्या सतराच जणांना सत्तावीसपेक्षा कमी. म्हणून अठ्ठावीस."

"बावीस?" बाई म्हणाल्या. "प्रांजलला जूनमध्ये बावीस कुठले? तिला तेव्हा भागाकार येत नव्हता."

हे तोंडातून निघालं आणि मग त्याच ऐकत राहिल्या.

आभानं कपाटातून जूनच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढून दिला. बाईंनी प्रांजलचा पेपर उलगडला. तिसरं उदाहरण खोडून पुन्हा लिहिलेलं, उत्तर बरोबर. पाचवं खोडलेलं, सातवं खोडलेलं, आठवं दोनदा खोडलेलं. खाली मूळच्या चुकीच्या आकड्यांचे वळ कागदावर स्पष्ट दिसत होते. मग दुसरा पेपर, मग तिसरा. खोडरबरानं कागद जिथे जिथे पातळ झाला होता, तिथे तिथे बाईंचं बोट होतं. हे परत बघ जरा.

जूनमध्ये ही चाचणी कशासाठी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. 'माहितीसाठी' एवढंच सांगितलेलं, आणि पर्यवेक्षणही ज्या त्या वर्गशिक्षकाकडेच होतं. सोबत सूचनांचा कागद होता, त्यात पहिलीच सूचना, पर्यवेक्षकाने कोणतीही मदत करू नये, आणि खाली नाखवाबाईंची सही. सही त्यांनी न वाचता केली होती, जशी आपण सगळेच करतो. पोरं पेपर बघून गांगरली होती आणि बाईंचं बोट आपोआप फिरलं होतं. एप्रिलला ते बोट ग्रंथालयात बसलं होतं.

त्यांना सगळं कळलं. कितीतरी खाली असलेली पोर त्यांनी मायेपोटी बावीसवर नेऊन बसवली होती. मग वर्षभर ती खरोखरच्या बावीसवाल्यांबरोबर पळत राहिली. तिची धाव मोठी असून छोटी दिसली. अडतीस पोरांच्या पायाखालची जमीन बाईंनी स्वतःच्या हातानं उंच केली, आणि वर लोकांना विचारत होत्या की ही पोरं उंच का दिसत नाहीत!

आभा अर्ध्या मिनिटात समजली. ती उठून दार लोटून आली.

"बाई, एक सांगू? अडतीस मुलांचा आकडा तसा कच्चाच असतो, पाच-सहा इकडेतिकडे होतो. वर्ग लहान आहे, भरवसा धरू नये, असा शेरा मी लिहू शकते. तो खोटा नाही. समिती कदाचित तुमचं वाटप यंदा हलवणार नाही. या पेपरांबद्दल कुणी विचारणारही नाही."

खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. कुणाला झाला नसता? ड तुकडी राहत होती, अब्रू राहत होती, आणि खोटंही बोलावं लागत नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

"आणि पोरांच्या प्रगतिपुस्तकात काय जाईल?"

"जे आहे तेच. प्रांजलच्यात अठ्ठावीस."

"म्हणजे तिच्या आईला वाचून दाखवायचं, की हिच्यासारख्यांत ही मागे पडली."

आभानं प्रांजलचा पेपर घडी करून गठ्ठ्यावर ठेवला.

"लिहून घे," बाई म्हणाल्या. "मी मदत केली. सगळ्यांना. आता मला सांग, पोरांचा आकडा दुरुस्त होतो का? खोडलेलं बघून मूळचे गुण धरता येतात?"

"नाही. खोडलेलं प्रत्येक उत्तर तुमच्यामुळेच बदललं हे कशावरून? तो अंदाज झाला." आभानं जरा विचार केला. "पण पाचवीची वार्षिक परीक्षा आहे. तोही सगळ्या शाळांना एकच पेपर होता, आणि तेव्हा ती मुलं तुमच्याकडे नव्हती. जूनऐवजी तो पाया धरता येईल. फक्त तुमच्या वर्गापुरता नाही हं, नऊशेच्या नऊशे मुलांसाठी. सगळ्यांना एकच पाया लागतो. शिवाय तुमची मुलं दुसऱ्यांच्या तुलनेतही धरली गेलीत ना, त्यामुळे त्यांचे आकडेही चुकलेत."

"म्हणजे सगळ्या शाळांना कळणार."

"सगळ्यांना."

बाईंनी पर्स उचलली. "कर."

चार दिवसांत नवे आकडे निघाले. प्रांजलला पाचवीच्या वार्षिकला तेरा होते. बारा ते चौदाच्या घरात पन्नास मुलं सापडली. एप्रिलच्या सत्तावीसपेक्षा त्यांतल्या एक्केचाळीस जणांना कमी. अठ्ठावीसचे ब्याऐंशी झाले, आणि पोरीचा एप्रिलचा पेपर तोच, सत्तावीसही तेच. ड तुकडीतली चार मुलं यंदाच बाहेरून आलेली, त्यांचे पाचवीचे गुण संस्थेकडे नव्हते, म्हणून त्यांच्या रकान्यात रेघ. उरलेल्या चौतीस जणांचा मधला आकडा चौसष्ट. शाळेत सगळ्यांत वर. अविनाश सरांचा अठ्ठेचाळीसचा सेहेचाळीस झाला आणि ते दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले, की एकाची माया आणि दुसऱ्याला भुर्दंड. ते काही अगदीच चूक नव्हतं.

समितीसमोर नाखवाबाई उभ्या राहिल्या तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एकावर चौसष्ट, दुसऱ्यावर त्यांची सही असलेल्या सूचना. अध्यक्ष कमलाकर बापट, निवृत्त बँक अधिकारी, दोन्ही कागद आळीपाळीनं बघत होते.

"बाई, तुमच्या कामाबद्दल शंका नाही," ते म्हणाले. "पण चाचणीचा नियम मोडला तर मोजणीवर कोण विश्वास ठेवणार? उद्या कुणी मुद्दाम जूनचे गुण पाडून ठेवील, म्हणजे एप्रिलची वाढ मोठी दिसेल. तुम्ही उलटं केलंत, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. पण नियम दोघांना एकच."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरोबर वाटत होतं, आणि त्याचाच त्यांना राग येत होता.

पत्र हातात मिळालं ते एकाच पानाचं. पहिल्या परिच्छेदात सहावी ड च्या उल्लेखनीय वाढीबद्दल अभिनंदन. दुसऱ्यात, पुढील दोन वर्षे पायाभूत चाचणी जिथे होते अशा कोणत्याही वर्गाचे अध्यापन त्यांच्याकडे राहणार नाही. म्हणजे सहावी नाही, ड नाही. त्यांना आठवी अ मिळाली. स्टाफरूममध्ये दोघांनी हात मिळवून अभिनंदन केलं, कारण आठवी अ मिळावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. बाई पत्र घेऊन मुलींच्या स्वच्छतागृहामागे गेल्या आणि तिथे हौदाच्या कठड्यावर बसून चांगली दहा मिनिटं रडल्या. चौपन्नाव्या वर्षी असं रडलं की डोळे दिवसभर सुजलेले राहतात, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

निकाल एक मेला होता. झेंडावंदन झाल्यावर पालक वर्गात आले. भामा बाजारातून परस्पर आली होती, टोपली शाळेच्या फाटकाशी ठेवून, ओले हात पदराला पुसत. प्रांजल तिच्या मागे. भामानं प्रगतिपुस्तक बाईंच्या पुढे धरलं आणि त्या नव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बाय, हा काय हाय? सत्तावीस मंजी कमीच ना? आनि हा ब्याऐंशी कसला?"

बाईंना शहरी मराठी बाजूला ठेवायला बरं वाटलं.

"बघ भामा, सत्तावीस हे तिचं गुन. अजून कमीच हायत, मी खोटा नाय सांगत. पन गेल्या साली तुज्या पोरीवानी तेराच्या आसपास गुन असलेली सगल्या शाळांची पोरं एका रांगेत उभी केली. तशी शंभर असती, तर त्यातली ब्याऐंशी तिच्या मागं राहिली असती. एवढी ती पुढं आली."

भामानं लेकीकडे बघितलं. प्रांजलनं मान खाली घातली, पण पायाचा अंगठा फरशीवर घासत होती.

"मंजी मागची नाय ना आमची पोर?"

"नाय."

भामा जरा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. अक्षरं वाचता येत नसलेली बाई आकड्याकडे बघते तेव्हा फार नीट बघते. मग म्हणाली, "हा तुमीच केला. पुढल्या साली धाकटा येतो सहावीला, त्याला पन तुमच्याच हातात देनार हाय."

"पुढल्या साली मी नाय सहावीला. दुसऱ्या बाई येतील."

"का वो? येवढा चांगला आकडा आनला आनि तुमाला काढला?"

नाखवाबाईंनी काही सारवासारव केली नाही. जूनचं सगळं सांगितलं. बोट ठेवल्याचं, चुकीच्या रांगेत उभं केल्याचं, सांगून टाकल्याचं. ऐकून झाल्यावर भामानं विचारलं, "आनि तुमी गप बसला असता, तर?"

"तर मी इथंच राहिली असती."

"आनि हिचा आकडा?"

"अठ्ठावीस."

भामानं प्रगतिपुस्तक मिटलं आणि बाईंचा हात आपल्या ओल्या हातात घट्ट धरला. तेवढ्यात प्रांजलनं आईच्या काखेतून प्रगतिपुस्तक ओढून घेतलं, पान उघडलं आणि बाईंना विचारलं, "बाई, मग ह्यो ब्याऐंशी माजा मी केला का तुमी?"

"तू केलास," बाई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये मी वर्गात नव्हते."